बंद झालेलं पगाराचं खातं आणि परत गेलेला रिफंड: एका प्रकरणाचा अभ्यास

इन्कम टॅक्सचा रिफंड अडकला की बहुतेकांचा पहिला संशय कर खात्यावर जातो. पण पोर्टलवर `Refund failed` असं दिसत असेल, तर कर खात्याने आपल्या बाजूने पैसे पाठवलेले असतात आणि ते बँकेच्या दारातून परत आलेले असतात. म्हणजे दुरुस्ती कर निर्धारणात करायची नसून बँक खात्याच्या नोंदीत करायची असते. हा फरक लक्षात न आल्यामुळे लोक सुधारित विवरणपत्र भरतात, दुरुस्तीचा अर्ज करतात, सीएला पुन्हा पैसे देतात, आणि मूळ अडचण तशीच राहते.

खालचं प्रकरण नेहमी दिसणाऱ्या तक्रारींवरून जुळवलेलं आहे. तारखा आणि रकमा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत; नियम, पोर्टलवरच्या पायऱ्या आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

प्रकरण

नाशिकच्या एका खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या बाई. कंपनीने आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये त्यांच्या पगारातून नव्या करप्रणालीप्रमाणे 60,840 रुपये टीडीएस कापला. घरकर्जाचं व्याज, घरभाडे भत्ता, विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांचा विचार करता त्यांना जुनी प्रणाली फायद्याची होती, म्हणून विवरणपत्रात त्यांनी ती निवडली. करपात्र उत्पन्न 6,37,500 रुपये झालं आणि उपकरासह कर 41,600 रुपये. फरक 19,240 रुपयांचा, तो परत मिळणार.

विवरणपत्र 21 जुलै 2025 ला भरलं आणि आधार ओटीपीने त्याच दिवशी व्हेरिफाय केलं. रिफंडसाठी नाशिकचं पगाराचं खातं निवडलं होतं. ते पोर्टलवर आधीच प्रमाणित होतं, त्यामुळे विवरणपत्रात काही चूक नव्हती.

जुलैअखेरीस त्यांनी नोकरी बदलली आणि त्या ठाण्याला आल्या. नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत पगाराचं खातं उघडून दिलं. जुन्या खात्यात आता पगार येणार नव्हता, म्हणजे ते साध्या बचत खात्यात जाणार आणि किमान शिल्लक ठेवावी लागणार. तो खर्च टाळायला त्यांनी 18 ऑगस्टला शाखेत जाऊन खातं बंद केलं. रिफंडचा विचार त्या क्षणी डोक्यात नव्हता, आणि बँकेत खातं बंद करताना तसं कोणी विचारतही नाही.

9 सप्टेंबरला विवरणपत्रांवर प्रक्रिया करणाऱ्या बंगळुरूच्या केंद्राकडून, म्हणजे सीपीसीकडून, कलम 143(1) ची सूचना आली. विवरणपत्र तपासून कर किती आणि रिफंड किती ते या सूचनेत कळवतात. रिफंड मान्य, रक्कम 19,820 रुपये. वरचे पैसे व्याजाचे. चार-पाच दिवसांनी एसएमएस आणि ईमेल आला: रिफंड जमा होऊ शकला नाही.

पैसे परत का गेले

सीपीसी रिफंडची रक्कम ठरवते आणि पैसे पाठवण्याचं काम रिफंड बँकर म्हणून स्टेट बँक करते. विवरणपत्रात जो खाते क्रमांक आणि आयएफएससी निवडलेला असतो, तिथे पैसे ढकलले जातात. 1 मार्च 2019 पासून हे सगळं फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर प्रमाणित केलेल्या खात्यातच होतं. पूर्वी रिफंडचा चेक पोस्टाने घरी यायचा, पत्ता बदलला असेल तर तो फिरून परत जायचा. आता पत्त्याची जागा खाते क्रमांकाने घेतली आहे.

प्रमाणित याचा अर्थ एवढाच की ज्या दिवशी तपासणी झाली त्या दिवशी ते खातं चालू होतं, त्या पॅनचं होतं आणि नावाशी जुळत होतं. पुढे ते बंद केलं तर पोर्टलला आपोआप कळेल आणि ते दुसरं खातं शोधेल, असं काही होत नाही. पैसे जुन्याच क्रमांकावर जातात, बँकेच्या यंत्रणेला तो क्रमांक बंद दिसतो, आणि ती रक्कम पाठवणाऱ्याकडे परत करते. बँकांमधला हा परतावा काही तासांतच होतो. पोर्टलवर `Refund failed` दिसायला मात्र काही दिवस लागतात. त्या मधल्या दिवसांत माणूस नुसता स्टेटस बघत बसतो.

यूपीआयबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. मोबाइल नंबर बदलला, यूपीआय आयडी बदलला, म्हणून इन्कम टॅक्सचा रिफंड अडकत नाही, कारण तो यूपीआय आयडीवर जातच नाही. तसंच नवा यूपीआय आयडी कुठे नोंदवून तो सुटणारही नाही. खाते क्रमांक, आयएफएससी, पॅन आणि नाव या चार गोष्टींवरच सगळं ठरतं.

सगळ्यात आधी कारण वाचा

बाईंनी घाईने पुन्हा विनंती टाकण्याआधी पोर्टलवर कारण बघितलं, हे बरं केलं. `incometax.gov.in` वर लॉगइन करून `e-File`, मग `Income Tax Returns`, मग `View Filed Returns` असं गेलं की त्या वर्षाच्या विवरणपत्राखाली प्रवासाचे टप्पे दिसतात. त्यात रिफंड अयशस्वी झाल्याची नोंद असते. त्यांच्या बाबतीत कारण खातं बंद असल्याचं होतं.

कारण वाचायचं ते एवढ्यासाठी, की प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. खातं बंद असेल तर नवं खातं जोडावं लागतं. आयएफएससी चुकीचा किंवा रद्द असेल तर खातं तेच राहतं, फक्त कोड बदलून पुन्हा प्रमाणित करायचं. नाव जुळत नसेल तर पोर्टलवर कितीही बटणं दाबली तरी उपयोग नसतो. बँकेत किंवा पॅनमध्ये बदल करावा लागतो. आणि पॅन आधारशी जोडलेलं नसल्यामुळे निष्क्रिय झालं असेल, तर आधी ते सक्रिय करावं लागतं. 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय पॅनला रिफंड दिला जात नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही. उशिरा जोडण्याची फी 1,000 रुपये आहे.

रद्द आयएफएससीची प्रकरणं महाराष्ट्रात बरीच निघतात, कारण इथे बँकांची विलीनीकरणं पुष्कळ झाली. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन, ओरिएंटल आणि युनायटेड या बँका 1 एप्रिल 2020 ला इतर बँकांत विलीन झाल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचे जुने कोड बंद पडले. अगदी अलीकडे, 1 मे 2025 ला, विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. अशा बँकेत खातं असेल तर विवरणपत्र भरण्याआधी पासबुकावरचा छापील कोड खरा मानू नये. शाखेत विचारून किंवा नव्या चेकबुकावर बघून घ्यावा. जुनं पासबुक वर्षानुवर्षं कपाटात असतं आणि त्यावरचा कोड बघून फॉर्म भरला जातो, हे सर्रास घडतं.

नवं खातं जोडताना दुसरी अडचण

बाईंनी ठाण्याचं पगाराचं खातं जोडायला घेतलं. `My Profile` मध्ये `My Bank Account` उघडलं, `Add Bank Account` दाबलं, खाते क्रमांक भरला, प्रकार बचत निवडला, आयएफएससी टाकला. त्यावर बँकेचं आणि शाखेचं नाव आपोआप आलं. मग `Validate`. ही विनंती बँकेकडे जाते आणि बँक पॅन, नाव आणि खात्याची स्थिती जुळते का ते सांगते. उत्तर कधी काही मिनिटांत येतं, कधी दहा-बारा कामाचे दिवस लागतात.

त्यांचं उत्तर तीन दिवसांनी आलं आणि खातं `Failed Bank Accounts` या टॅबमध्ये जाऊन बसलं. कारण: नाव जुळत नाही.

पॅन त्यांनी लग्नाआधी, पहिली नोकरी लागली तेव्हा काढलं होतं, म्हणजे माहेरच्या नावाने. नाशिकचं खातंही त्याच कंपनीतलं, त्यामुळे माहेरच्याच नावाचं. म्हणून ते आधी विनातक्रार प्रमाणित झालं होतं. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने बदललं. ठाण्याच्या बँकेने नवं खातं आधारवरून उघडलं, तर खात्याला नाव सासरचं लागलं. पॅन क्रमांक बँकेला दिलेला होता, पण पॅनमधलं मधलं नाव आणि आडनाव वेगळं, खात्यातलं वेगळं. आपल्याकडे स्त्रीचं मधलं नावही लग्नानंतर बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं; त्यामुळे तीनपैकी दोन शब्द बदलतात आणि यंत्रणेला ती दुसरीच व्यक्ती वाटते.

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली आणि सगळ्यात जलद वाट म्हणजे माहेरच्या नावाचं, वापरात असलेलं दुसरं एखादं खातं शोधणं. कॉलेजच्या काळातलं, गावाकडचं, कोणतंही. रिफंड पगाराच्याच खात्यात यायला हवा असं बंधन नाही. असं खातं असेल आणि त्याची केवायसी चालू असेल, तर तेच जोडून पैसे घ्यावेत, नावाचं काम नंतर निवांत करावं. बचत, चालू, कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट आणि अनिवासी भारतीयांचं एनआरओ ही खाती चालतात. मुदत ठेव, आवर्ती ठेव, कर्ज किंवा पीपीएफ खातं चालत नाही. या बाईंकडे दुसरं खातं नव्हतं. नवऱ्याबरोबरचं एक संयुक्त खातं होतं, पण त्यात पहिलं नाव आणि पॅन नवऱ्याचं. तिथे वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

दुसरी वाट म्हणजे बँकेतलं नाव पॅनसारखं करून घेणं. ऐकायला सोपी वाटते, पण खातं आधारवरून उघडलेलं असताना बँक ते माहेरच्या नावावर नेण्यास सहसा तयार होत नाही, आणि झालीच तर पुढच्या केवायसीला तोच घोळ पुन्हा निघतो.

तिसरी वाट पॅनवरचं नाव बदलण्याची. त्यांनी ती घेतली, आणि ती योग्यच होती. आधार आणि बँक एका बाजूला, पॅन एकटं दुसऱ्या बाजूला. अशा वेळी जो कागद एकटा पडला आहे तोच बदलावा. आज रिफंड अडला, उद्या म्युच्युअल फंडाची केवायसी किंवा पीएफचे पैसे याच कारणाने अडतील.

पॅनवरचं नाव बदलताना

पॅनचे अर्ज प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल या दोन संस्था घेतात; त्यांपैकी एकीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. नवं पॅन मागायचं नाही. असलेल्या पॅनच्या माहितीत बदल किंवा दुरुस्ती हा पर्याय घ्यायचा. क्रमांक तोच राहतो, म्हणून जुने टीडीएस, विवरणपत्रं आणि फॉर्म 26एएस यांवर काही परिणाम होत नाही. चुकून नवं पॅन काढलं तर एका माणसाकडे दोन पॅन होतात आणि त्यावर दंडाची तरतूद आहे. घाईत ही चूक होते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नावातल्या बदलाला पुरावा लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर उत्तम. नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धीही चालते. लग्नाची नोंदणी केलेली नाही आणि पासपोर्टही नाही, अशांसाठी महाराष्ट्रात राजपत्राचा मार्ग आहे. राज्याच्या शासकीय मुद्रण संचालनालयाकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो.

अर्जात एक जागा फसवी आहे. वडिलांचं नाव या रकान्यात लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं, तिथे नवऱ्याचं घालायचं नाही. नवऱ्याचं नाव येईल ते फक्त अर्जदाराच्या स्वतःच्या मधल्या नावात. हे उलटसुलट झालं की अर्ज परत येतो.

बाईंनी 22 सप्टेंबरला अर्ज केला. स्पेलिंग आधारवर जसं आहे तसंच, अक्षरशः घातलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाव बदलल्याचा संदेश आला आणि ई-पॅन ईमेलवर मिळालं. त्यांनी लगेच त्याची प्रत ठाण्याच्या शाखेत दिली आणि खात्याला पॅन नव्या नावासह नोंदवलं गेलं आहे का, हे काउंटरवर विचारून घेतलं. ही पायरी लोक गाळतात. कर खात्याकडच्या पॅनच्या नोंदीत नाव बदललं, पण बँकेच्या यंत्रणेत पॅनची जुनी पडताळणी तशीच राहिली, तर पोर्टलवर पुन्हा नकार येऊ शकतो.

पुन्हा प्रमाणीकरण आणि रिफंडची विनंती

14 ऑक्टोबरला त्यांनी पोर्टलवर `Failed Bank Accounts` मध्ये जाऊन त्या खात्यासमोरचं `Re-Validate` दाबलं. या वेळी खातं `Validated` झालं. स्टेटसमध्ये `EVC enabled` असं लिहून आलं नाही, म्हणून त्या थोड्या घाबरल्या. त्याची गरज नव्हती. बँकेतला मोबाइल नंबर आणि पोर्टलवरचा नंबर एकच असेल तर आणि बँकेची तशी सोय असेल तर ते लागतं. ते फक्त त्या खात्यातून कोड घेऊन विवरणपत्र व्हेरिफाय करण्यासाठी असतं. रिफंड यायला `Validated` पुरेसं आहे. मात्र खात्यासमोरचं रिफंडसाठी निवडण्याचं बटण चालू करायला हवं, आणि बंद झालेलं नाशिकचं खातं यादीतून काढून टाकायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी विवरणपत्रात तेच पुन्हा निवडलं जातं.

इथपर्यंत झालं म्हणजे पैसे आपोआप येतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. येत नाहीत. नवं खातं प्रमाणित करणं ही तयारी झाली. पैसे पुन्हा पाठवा अशी विनंती वेगळी करावी लागते:

```
Services
  > Refund Reissue
    > Create Refund Reissue Request
```

या पानावर ज्या वर्षाचा रिफंड परत गेला आहे त्याची नोंद दिसते. ती निवडायची, मग प्रमाणित खात्यांच्या यादीतून खातं निवडायचं, मग `Proceed to Verification`. व्हेरिफिकेशन आधार ओटीपी, ईव्हीसी किंवा डिजिटल सहीने होतं. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ असावा. ओटीपी न टाकता पान बंद केलं तर विनंती पूर्ण होत नाही, आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही. आपण विनंती केली असं समजून ते महिनाभर वाट बघतात. शेवटी यश आल्याचा संदेश आणि ट्रान्झॅक्शन आयडी दिसतो. तो लिहून किंवा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा. पुढे विनंतीची स्थिती त्याच `Refund Reissue` पानावर बघता येते.

बाईंची विनंती 14 ऑक्टोबरलाच गेली. 29 ऑक्टोबरला 19,820 रुपये ठाण्याच्या खात्यात जमा झाले. साधारण काही दिवस ते दोन-तीन आठवडे हा काळ धरून चालावा.

व्याजाचा हिशेब

कलम 244ए प्रमाणे रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का साधं व्याज मिळतं. विवरणपत्र मुदतीत भरलेलं असेल तर मोजणी कर निर्धारण वर्षाच्या 1 एप्रिलपासून सुरू होते आणि महिन्याचा अपुरा भाग पूर्ण महिना धरला जातो. रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नाही. इथे कर 41,600, त्याचे दहा टक्के 4,160, आणि रिफंड 19,240, म्हणून व्याज लागू.

एप्रिल ते सप्टेंबर 2025 असे सहा महिने, म्हणजे तीन टक्के. व्याजासाठी मुद्दल शंभरच्या पटीत खाली आणतात, म्हणून 19,240 ऐवजी 19,200 धरायचे. त्यावर तीन टक्के 576 रुपये. 19,240 आणि 576 मिळून 19,816, आणि रिफंड जवळच्या दहाच्या पटीत नेला जातो म्हणून 19,820.

मग ऑक्टोबरपर्यंत पैसे अडकले त्याचं व्याज? ते नाही. खातं बंद असल्यामुळे झालेला उशीर करदात्याच्या बाजूचा मानला जातो आणि असा काळ व्याजातून वगळण्याची तरतूद त्याच कलमात आहे. म्हणून पुन्हा पाठवलेली रक्कम सूचनेत होती तेवढीच आली. त्यावर तक्रार करून काही हाती लागत नाही. आणि मिळालेलं 576 रुपयांचं व्याज हे उत्पन्न आहे. पुढच्या विवरणपत्रात इतर स्रोतांखाली ते दाखवायचं. मूळ 19,240 रुपये उत्पन्न नाहीत, तो स्वतःचाच जास्त भरलेला कर आहे.

विनंतीच टाकता येत नसेल तर

कधी `Refund Reissue` पान उघडलं तरी कोणतीही नोंद दिसत नाही. पैसे परत गेल्याची माहिती अजून पोर्टलपर्यंत पोचलेली नसेल तर असं होतं. आठ-दहा दिवस थांबून पुन्हा बघावं. तरीही काही आलं नाही तर 143(1) ची सूचना नीट वाचावी. कधी रिफंड परत गेलेलाच नसतो, जुन्या वर्षाच्या थकबाकीत कलम 245 खाली वळता झालेला असतो, आणि त्याचा मार्ग वेगळा आहे.

जास्त त्रासाची परिस्थिती म्हणजे पोर्टल रिफंड दिल्याचं दाखवतं आणि खात्यात पैसे नाहीत. पैसे बँकेपर्यंत पोचून कुठल्यातरी मधल्या खात्यात पडून राहिले, तर असं होतं. रिफंडच्या तपशिलात व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मिळतो. तो घेऊन, ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेत लेखी अर्ज द्यावा: या क्रमांकाची रक्कम कुठे जमा झाली, आणि खातं बंद असल्यास ती पाठवणाऱ्याकडे परत करा. बँकेने पैसे परत केल्याशिवाय पुन्हा पाठवण्याची विनंती पोर्टल स्वीकारत नाही, म्हणून इथे बँकेचाच पाठपुरावा करावा लागतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

विनंती गेली आहे, महिना उलटला आहे आणि हालचाल नाही, तर पोर्टलवर `Grievances` मध्ये तक्रार टाकावी. विभाग सीपीसीचा आणि विषय रिफंडचा निवडावा. तक्रारीत रागापेक्षा आकडे असलेले बरे. या बाईंना गरज पडली असती तर मजकूर एवढाच पुरला असता:

> कर निर्धारण वर्ष 2025-26. 143(1) ची सूचना दिनांक 9 सप्टेंबर 2025, रिफंड 19,820 रुपये. खातं बंद असल्याने रिफंड परत गेला. नवं खातं 14 ऑक्टोबरला प्रमाणित केलं आणि त्याच दिवशी रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती केली. ट्रान्झॅक्शन आयडी अमुक. विवरणपत्राचा पोच क्रमांक अमुक. रक्कम अद्याप जमा नाही. कृपया विनंतीवर कार्यवाही करावी.

सोबत विनंतीचा स्क्रीनशॉट आणि नव्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडावा. फोनवर विचारायचं असेल तर पोर्टलचे मदत क्रमांक 1800 103 0025 आणि 1800 419 0025. तिथूनही काही झालं नाही तर `pgportal.gov.in` वर केंद्र सरकारच्या तक्रार यंत्रणेत जाता येतं.

सुधारित विवरणपत्र भरायचं का

सूचना येण्याआधीच खातं बदलणार हे कळलं असेल, तर सुधारित विवरणपत्रात नवं खातं देता येतं. पण खरं तर रिफंड येईपर्यंत जुनं खातं चालू ठेवणं हाच स्वस्त उपाय. दोन महिन्यांची किमान शिल्लक फार जड जात नाही. रिफंड परत गेल्यानंतर मात्र सुधारित विवरणपत्र भरू नये. त्याने प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते आणि एका खाते क्रमांकासाठी सगळं विवरणपत्र पुन्हा तपासणीत जातं. कलम 154 खालचा दुरुस्ती अर्जही इथे कामाचा नाही, कारण तो निर्धारणातल्या चुकीसाठी असतो आणि इथे निर्धारण बरोबरच आहे.

परदेशी गेलेल्यांनी एवढं पाहावं की त्यांचं जुनं बचत खातं बँकेने एनआरओ केलं आहे का. केलं असेल आणि पोर्टलवर प्रकार बचतच राहिला असेल, तर ते खातं एनआरओ म्हणून पुन्हा प्रमाणित करावं लागतं.

आणि रिफंड परत गेल्याचा खरा एसएमएस येतो त्याच सुमारास खोटेही येतात: तुमचा रिफंड मंजूर आहे, खाते क्रमांक दुरुस्त करण्यासाठी या लिंकवर जा. खात्याचा कोणताही बदल एसएमएसमधल्या लिंकवरून करायचा नसतो. पत्ता हाताने टाइप करून पोर्टल उघडायचं आणि नोंद तिथे दिसते का ते बघायचं. कार्डाचा पिन, सीव्हीव्ही किंवा बँकेचा पासवर्ड या सगळ्या प्रक्रियेत कुठेच लागत नाही. लागतो तो फक्त पोर्टलवर आपण स्वतः मागवलेला ओटीपी.